‘सवड मिळेल तेव्हा’ म्हणजे नेमकं कधी?

‘आपल्या व्यग्र वेळापत्रकात त्रास देतोय, त्याबद्दल क्षमस्व.’ परदेशातल्या सहकाऱ्याला कामाचा मेल लिहायला बसलं, की आपल्यापैकी अनेकांच्या बोटांतून हे वाक्य आपोआप उतरतं. मग ‘होप यू आर डूइंग वेल’, मग ‘काइंडली’, मग ‘डू द नीडफुल’. एवढं झाल्यावर मूळ काम कुठेतरी सातव्या ओळीत, तेही ‘कदाचित’ आणि ‘शक्य असल्यास’ यांच्या मध्ये अंग चोरून उभं. मेल गेला. आता उत्तराची वाट बघायची. ते उत्तर येत नाही, आलं तर चार दिवसांनी येतं, आणि त्यात विचारलेलं असतं, ‘मग हे आधी का नाही सांगितलंत?’

सांगितलं होतं की! असं आपल्याला वाटतं. सांगितलं होतं का, हे एक मेल उलगडूनच बघू या.

समजा, तुम्ही हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करता. तुमचा सहकारी नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला बसतो. त्याच्याकडून सोमवारी एक सॅम्पल फाइल आली. तिच्यावर बिलांचा रिपोर्ट तपासायचाय. ठरलेल्या स्पेसिफिकेशनप्रमाणे फाइलमध्ये १२ कॉलम हवेत, आलेत ११. ग्राहकाच्या देशाचा कोड असलेला कॉलमच नाही. कर देशाप्रमाणे बदलतो, त्यामुळे तुमच्या ६० टेस्टपैकी ४० या एका कॉलमवर अडून आहेत. त्या ४० करायला दीड दिवस लागतो. रिलीज शुक्रवारी, त्यांच्या घड्याळाप्रमाणे दुपारी बाराला. म्हणजे पूर्ण फाइल बुधवारी हातात नसेल, तर गणित बसत नाही.

आणि तुम्ही काय लिहिता? इंग्रजी मेलचा मराठीत अर्थ लावला तर साधारण असा:

विषय: फाइलसंदर्भात

आदरणीय सर,
आपण कुशल असाल अशी आशा करतो. आपल्या व्यग्र वेळापत्रकात त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व. फाइल पाठवल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आमची टीम फाइल पाहत होती आणि कदाचित आमचीच समजण्यात काही चूक होत असेल, परंतु एक कॉलम बहुधा दिसत नाही असे वाटले. त्यामुळे टेस्टिंगला थोडा उशीर होण्याची शक्यता आहे. आपल्याला सवड मिळेल तेव्हा, शक्य असल्यास, कृपया एकदा नजर टाकावी ही नम्र विनंती. पुन्हा एकदा त्रासाबद्दल क्षमस्व. आगाऊ धन्यवाद.

हा मेल मराठी साहेबाच्या हातात पडला असता, तर काही बिघडलं नसतं. एवढी माफी मागतोय म्हणजे काहीतरी अडलंय, हे त्याने ओळखलं असतं. आपल्याकडे ‘तेवढं जरा बघता का?’ याचा अर्थ ‘आत्ता करा’ असा होऊ शकतो, आणि ‘बघतो’ याचा अर्थ ‘होणार नाही’ असाही. शब्दांच्या मागचं वाचणं हे आपल्याकडे ऐकणाऱ्याचं काम आहे. डच ऑफिसात ते सांगणाऱ्याचं काम मानतात. तिथला वाचणारा शब्द जसेच्या तसे घेतो.

आता तुमचा मेल त्याच्या डोळ्यांनी वाचा. ‘कदाचित आमचीच चूक होत असेल.’ बरं, म्हणजे ते अजून तपासतायत. ‘थोडा उशीर.’ थोडाच ना, चालेल. ‘सवड मिळेल तेव्हा.’ सवड पुढच्या आठवड्यात आहे. त्याने मेल बाजूला ठेवला. यात त्याचा आळस नाही की उद्धटपणा नाही. तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर त्याने विश्वास ठेवला, एवढंच. गुरुवारी कॉलवर विषय निघेल, तेव्हा त्याला खरोखर धक्का बसेल. चार दिवस काम अडलं होतं आणि कोणी सांगितलं नाही, असा त्याचा समज होईल. त्यापुढचा समज आणखी वाईट. ‘हे लोक वाईट बातमी लपवतात.’ नम्रपणे वागायला गेलेला माणूस अशा रीतीने अविश्वासू ठरतो. शिवाय शुक्रवारची रात्र ऑफिसात काढावी लागते ती त्यालाच.

हे असं का होतं, याचं एक चांगलं स्पष्टीकरण पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेविन्सन या अभ्यासकांच्या मांडणीत सापडतं. सभ्यतेवरचं त्यांचं पुस्तक १९८७मध्ये आलं. ते म्हणतात, कुणाकडे काही मागताना माणूस मनात तीन गोष्टी तोलतो. समोरच्याची आणि आपली ओळख किती, त्याचा अधिकार आपल्यापेक्षा किती मोठा, आणि मागणं किती जड. या तिन्हींची बेरीज जेवढी मोठी, तेवढी विनंती आपण जास्त मऊ करतो.

आता आपला मेल बघा. मागणं अगदी हलकं आहे, एक कॉलम घालून फाइल परत पाठवायची. पण आपण परदेशातल्या माणसाचा अधिकार मनातल्या मनात खूप मोठा धरतो. बेरीज वाढते आणि माफीवर माफी येते. त्याच्या हिशोबात मात्र अधिकाराचा आकडा छोटा असतो. तो स्वतःला ‘सर’ समजतच नाही, त्याचा बॉसही त्याला पहिल्या नावाने हाक मारतो. मग एवढा मऊपणा कशासाठी, हे त्याला कळत नाही. एक तर तो सगळी प्रस्तावना फापटपसारा म्हणून ओलांडतो, नाहीतर त्याला वाटतं, काहीतरी फार मोठं मागणार आहेत किंवा मोठी चूक झाकतायत.

म्हणून मेल बदलायचा. पण ‘डायरेक्ट बोला’ एवढाच सल्ला ऐकून बसलं की आपण दुसऱ्या टोकाला जातो. मग मेल असा होतो: ‘तुम्ही चुकीची फाइल पाठवली आहे. बुधवारपर्यंत योग्य फाइल पाठवा.’ हा मेल स्पष्ट आहे, पण सभ्य नाही, आणि डच माणसालाही तो टोचतो. थेट बोलणं असतं ते कामाबद्दल. ‘कॉलम नाही’ हे फाइलबद्दलचं वाक्य आहे. ‘तुम्ही चुकीची पाठवलीत’ हे माणसाबद्दलचं झालं. शिवाय चूक कुठे झाली, हे तुम्हाला अजून माहीतही नाही. कदाचित त्यांच्या सिस्टिमनेच कॉलम गाळला असेल.

मग काय काढायचं आणि काय ठेवायचं? मेलमधले मऊ शब्द तीन ढिगांत टाका.

पहिल्या ढिगात वस्तुस्थिती बदलणारे शब्द. ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘थोडा’, ‘असे वाटले’. कॉलम नाही हे तुम्ही मोजलंय, मग ‘बहुधा’ कशाला? हे शब्द काढायचे आणि त्यांच्या जागी आकडा ठेवायचा. ‘एक कॉलम बहुधा दिसत नाही’ऐवजी ‘१२पैकी ११ कॉलम आहेत’. ‘थोडा उशीर’ऐवजी ‘६०पैकी ४० टेस्ट अडल्यात’. एक खबरदारी मात्र घ्या. शंका खरी असेल, तर ती ठेवलीच पाहिजे. ‘कारण अजून कळलेलं नाही, उद्या सकाळपर्यंत सांगतो’ हे वाक्य थेटच आहे. नम्रतेसाठी आणलेली खोटी शंका तेवढी काढायची.

दुसऱ्या ढिगात स्वतःला खाली घालणारे शब्द. ‘त्रास देतोय’, ‘क्षमस्व’, ‘आदरणीय सर’, ‘नम्र विनंती’. काम सांगणं हा त्रास नाही, दोघांनाही त्याचाच पगार मिळतो. माफी फक्त खरी चूक झाली असेल तेव्हा, एकदाच मागायची, आणि पुढच्याच वाक्यात ती कशी दुरुस्त करताय ते सांगायचं. एरवी उधळलेली माफी खऱ्या माफीचीही किंमत घालवते.

तिसऱ्या ढिगात समोरच्याच्या वेळेचा आणि मर्जीचा मान ठेवणारे शब्द. ‘प्लीज’, ‘थँक्स’, मागणीमागचं कारण, ‘जमणार नसेल तर सांगा’. हा ढीग पूर्ण ठेवायचा, उलट थोडा वाढवायचा. मेलची सभ्यता इथे असते.

या चाळणीतून निघालेला मेल असा:

विषय: सॅम्पल फाइलमध्ये देशाच्या कोडचा कॉलम नाही; पूर्ण फाइल बुधवार दुपारी १२पर्यंत हवी

हाय (पहिलं नाव),
आजच्या फाइलबद्दल थँक्स. तिच्यात देशाच्या कोडचा कॉलम नाही. स्पेसिफिकेशनमध्ये १२ कॉलम आहेत, फाइलमध्ये ११. पुन्हा डाउनलोड करून पाहिली, तेच दिसतंय.
या कॉलमशिवाय ६०पैकी ४० टेस्ट चालवता येत नाहीत. त्यांना दीड दिवस लागतो. शुक्रवारचं रिलीज गाठण्यासाठी बुधवारी दुपारी १२पर्यंत, तुमच्या वेळेनुसार, पूर्ण फाइल पाठवाल का, प्लीज? तोवर आम्ही उरलेल्या २० टेस्ट करतोय.
बुधवार शक्य नसेल तर आज कळवा, म्हणजे रिलीजचं काय करायचं ते मिळून ठरवू.
थँक्स,

मूळ मेलपेक्षा हा लहान नाही. म्हणजे प्रश्न लांबीचा नव्हताच. जी जागा माफीने अडवली होती, तिथे आता कारण, आकडे आणि वेळ आलीय.

यातली कळीची दोन वाक्यं इंग्रजीत कशी लिहायची, तेही बघू. ‘कुड यू प्लीज सेंड द कम्प्लीट फाइल बाय वेन्सडे, ट्वेल्व नून युवर टाइम?’ यात ‘कुड यू’ आहे, ‘प्लीज’ आहे आणि प्रश्नचिन्ह आहे. एका विनंतीला एवढा मऊपणा पुरे. त्यावर ‘काइंडली’, ‘इफ पॉसिबल’, ‘अॅट युवर कन्व्हिनियन्स’ चढवलं की वेन्सडे बुडाला. दुसरं वाक्य: ‘इफ वेन्सडे इज नॉट पॉसिबल, प्लीज लेट मी नो टुडे.’ समोरच्याला नाही म्हणायची वाट मोकळी ठेवणं हा सगळ्यात मोठा मान. आपण मात्र ‘शक्य असल्यास’ म्हणतो आणि मनात नकार गृहीतच धरत नाही.

‘तुमच्या वेळेनुसार’ हे दोन शब्दही हातचे सोडू नका. आपण ‘आज ईओडी’ लिहितो, पण दिवस कुणाचा संपायचा? हिवाळ्यात नेदरलँड्स आपल्या साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. हिवाळ्यात त्यांचे दुपारचे बारा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेचार. हा हिशोब तुम्ही करून दिलात, तर त्याला करावा लागत नाही. ‘आपला बहुमूल्य वेळ’ असं लिहिण्यापेक्षा तो वेळ असा वाचवलेला बरा.

आणि आपल्या इंग्रजीतले काही शब्द परदेशात वेगळेच निघतात, त्यांच्यावर नजर ठेवा. ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे आपल्याकडे ‘उत्तर द्या’. बाहेर त्याचा अर्थ ‘पूर्वस्थितीला न्या’, आणि प्रोग्रामरच्या भाषेत तर ‘केलेला बदल मागे घ्या’. फाइलबद्दलच्या मेलमध्ये हा शब्द गेला, तर काय गोंधळ होईल विचार करा. ‘प्लीज रिप्लाय’ लिहा. ‘आय हॅव अ डाउट’ आपल्यासाठी साधी शंका, त्यांना मात्र वाटतं तुमचा त्यांच्या कामावर विश्वास नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हटलं की झालं. आणि ‘डू द नीडफुल’मध्ये नीडफुल म्हणजे काय, हेच तर सांगायचं असतं.

मेल गेला. अर्ध्या तासात उत्तर येतं: ‘वेन्सडे नॉट पॉसिबल. थर्सडे टेन.’ ना हाय, ना बाय. इथे आपल्या पोटात गोळा येतो. चिडला वाटतं! नाही चिडला. त्याने तुमच्या प्रश्नाला नेमकं उत्तर दिलंय, आणि तेही आजच, तुम्ही मागितलं होतं तसं. खरा धोका पुढच्या क्षणाला आहे. दडपणाखाली आपण ‘नो प्रॉब्लेम सर, वुई विल मॅनेज’ लिहून मोकळे होतो. तो हेही शब्दशः घेणार. म्हणजे प्रॉब्लेम संपला, असं तो धरून चालणार.

त्याचे गुरुवारचे दहा म्हणजे आपले दुपारचे अडीच. तिथून शुक्रवारी साडेचारपर्यंत दीड दिवसाचं काम बसत नाही. मग लिहा: ‘गुरुवार दहा ठीक, थँक्स. तेव्हा फाइल मिळाली तर रिलीजपर्यंत ४०पैकी साधारण २५ टेस्ट होतील. दोन पर्याय दिसतात. महत्त्वाच्या २५ करून शुक्रवारी रिलीज, किंवा सगळ्या ४० करून सोमवारी. मला सोमवार सुरक्षित वाटतो. तुमचं मत?’ यात तक्रार नाही, रडगाणं नाही. त्याच्या ‘नाही’चा मान राखलाय आणि त्या ‘नाही’ची किंमतही समोर ठेवलीय. शेवटच्या दोन वाक्यांत तुम्ही स्वतःचं मत दिलंत आणि त्याचं विचारलंत. बरोबरीचा सहकारी असाच लिहितो.

एक आक्षेप इथे हमखास येईल. ‘हे लिहायला सोपं आहे. ते क्लायंट, आपण व्हेंडर. आपली बरोबरी कुठली?’ आक्षेप खोटा नाही. जो पैसे देतो त्याला थेट बोलणं परवडतं, आणि नव्याने नोकरीला लागलेल्याला मॅनेजरची भीतीही असते. म्हणून तारीख पुढे नेण्याचा पर्याय लिहिण्याआधी आपल्या टीम लीडला विचारा, ते शहाणपणाचं. पण ‘४० टेस्ट अडल्यात’ हे सांगायला बरोबरीचा दर्जा लागत नाही. ते वरच्याला सांगायचंच असतं, आणि सोमवारी कळलेली वाईट बातमी शुक्रवारी कळलेल्यापेक्षा क्लायंटला नेहमीच स्वस्त पडते. उलट जरब असलेल्या नात्यात एक चूक जास्त महागात जाते. सुरक्षेसाठी म्हणून पहिल्याच मेलमध्ये त्याच्या बॉसला सीसीत ठेवणं. आपल्यासाठी ती ‘माहितीसाठी’ असते, त्याच्यासाठी तक्रार. आधी त्याच्याशी बोला. दिलेली वेळ टळली तर मगच वर जा, आणि जाताय हे त्याला सांगून जा.

दुसरी मर्यादा अशी, की सगळे परदेशी एकसारखे थेट नसतात. ‘द कल्चर मॅप’ या २०१४च्या पुस्तकात एरिन मेयर यांनी दाखवलंय, की अमेरिकन माणसं कामाच्या सूचना अगदी स्पष्ट देतात, पण टीका करताना ती कौतुकात गुंडाळतात. त्यामुळे वरचा मेल अमेरिकेत चालेल, मात्र कुणाच्या कामातली चूक दाखवायची असेल, तर काय चांगलं झालंय तेही मनापासून लिहावं लागेल. आणि देशाच्या नावावरून माणूस ठरवू नका. समोरच्याचे आधीचे दोन-तीन मेल काढून वाचा. तो कशी सुरुवात करतो, किती ओळी लिहितो, नाही कसं म्हणतो, हे तिथे दिसतं. तीच तुमची मोजपट्टी.

हे सगळं आपल्या संस्कारांच्या विरुद्ध आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला घरातली जुनी पत्रं दाखवा. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. चार अक्षरांत नमस्कार उरकायचा आणि पुढच्या ओळीत मजकूर सुरू. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. मधल्या जागेत पैसे किती पाठवले, गाडी कधीची, कोण आजारी, हे सरळ लिहिलेलं. शाळेतल्या अर्जलेखनाने आणि कंपन्यांच्या ट्रेनिंगमधल्या नमुना मेलनी नमस्काराला मजकुराच्या डोक्यावर बसवलं.

तेव्हा पुढचा मेल पाठवण्याआधी एवढंच करा. फक्त विषयाची ओळ आणि पहिली तीन वाक्यं वाचा. काय अडलंय, हे त्याला तेवढ्यावरून कळतंय का? मग खाली येऊन बघा, त्याने काय करायचं आणि कधीपर्यंत, हे एका वाक्यात सापडतंय का? सापडलं तर एक ‘प्लीज’, एक ‘थँक्स’ लिहा आणि सेंड दाबा.